जाहिरातीचा लेख वाचनीय हवा, पण कुणाचा आहे ते आधी कळायला हवं

ॲडव्हर्टोरियल, म्हणजे पैसे देऊन प्रसिद्ध करून घेतलेला लेख, संपादनाला येतो तेव्हा सोबत बहुतेक वेळा एकच सूचना असते: "जरा नॅचरल करा." या सूचनेचे दोन अर्थ निघतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एक अर्थ असा, की मजकूर माहितीपत्रकासारखा कोरडा आहे, तो माणसाने माणसाशी बोलल्यासारखा करा. दुसरा अर्थ असा, की तो बातमीसारखा करा, म्हणजे ही जाहिरात आहे हे वाचकाच्या उशिरा लक्षात येईल. पहिलं काम संपादनाचं आहे. दुसरं काम लपवण्याचं आहे, आणि ते कितीही सफाईने केलं तरी वर लावलेल्या "जाहिरात" या लेबलचा अर्थच खालचा मजकूर खोडून काढतो.

हे दोन अर्थ वेगळे ठेवायचे तर प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे कोण बोलतंय? बातमीत बातमीदार बोलतो, अग्रलेखात वृत्तपत्र बोलतं. जाहिरातीच्या लेखात कंपनी बोलते. ती छान बोलू शकते, गमतीने बोलू शकते, उपयोगाचं काही सांगू शकते. फक्त तिने बातमीदाराचा आवाज काढायचा नाही.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीने लेख पाठवला आहे. मथळा आहे "पाठदुखीला करा रामराम!" आणि पहिला परिच्छेद असा:

"आजच्या धावपळीच्या जीवनात शांत झोप ही काळाची गरज बनली आहे. नावीन्यपूर्ण तंत्रज्ञानाने सुसज्ज, जागतिक दर्जाची व तज्ज्ञांनी शिफारस केलेली आमची गादी पाठदुखीवर रामबाण उपाय ठरत असून हजारो समाधानी ग्राहकांनी तिला पसंती दिली आहे."

हा परिच्छेद वाचवत नाही, याचं कारण त्यात जाहिरात आहे हे नाही. कारण असं की त्यात गादीबद्दल काहीच नाही. "गादी" हा शब्द काढून तिथे "उशी", "खुर्ची" किंवा "चहा" घातला तरी परिच्छेद तसाच चालू राहतो. असा मजकूर हाती आला की घाईत केलं जाणारं संपादन साधारण असं असतं:

"पाठ दुखत असेल तर आधी गादी तपासा, असा सल्ला आता अनेक जण देताना दिसतात. मध्यम कडक गाद्यांकडे ग्राहकांचा कल वाढत असून बाजारातही त्याचे पडसाद उमटत आहेत."

वाचायला हे बरं आहे, ओघवतं आहे, आणि नेमकं इथेच चुकलं आहे. "सल्ला देताना दिसतात" कुणाला? "कल वाढत आहे" हे कुणी मोजलं? ही बातमीदाराची वाक्यरचना आहे. बातमीदार चार ठिकाणी चौकशी करून असं लिहितो, म्हणून वाचक त्या रचनेवर विश्वास ठेवतो. इथे चौकशी कुणीच केलेली नाही; एका कंपनीची इच्छा तेवढी निरीक्षणाच्या कपड्यांत उभी केली आहे. "चर्चा आहे", "मानलं जातं", "लोकप्रिय ठरत आहे", "तज्ज्ञांच्या मते" ही सगळी याच कुळातली वाक्यं. मसुद्यात ती दिसली की थेट खोडावीत. बहुतेक वेळा त्यांच्या जागी काही घालावंही लागत नाही.

तिसरा प्रयत्न असा करता येतो:

"गादी कडक घ्यावी की मऊ, हे तुम्ही कसे झोपता यावर बरंच अवलंबून असतं. कुशीवर झोपणाऱ्यांना खांदा आणि कंबर थोडी आत जाऊ देणारी गादी सोयीची पडते. पोटावर झोपलं की फार मऊ गादीत कंबर खाली जाते. आमची गादी या दोन्हींच्या मधली आहे: खाली १५ सेंटीमीटर घट्ट फोम, वर ५ सेंटीमीटर मेमरी फोम. वजन जास्त असेल आणि पोटावर झोपायची सवय असेल तर ती तुम्हाला मऊ वाटू शकते. नाही पटली तर १०० रात्रींच्या आत आम्ही ती परत नेतो. नेण्याचा खर्च आमचा."

इथे भाषा सहज झाली ती विशेषणं बदलून नव्हे. वस्तूची माहिती आली, वाचकाच्या परिस्थितीशी ती जोडली गेली आणि "आमची" हा शब्द पहिल्याच परिच्छेदात आला. त्या एका शब्दाने बोलणारा कोण ते ठरलं. "मऊ वाटू शकते" हे वाक्य कंपनी बहुतेक काढायला सांगेल. ते राखण्यासाठी थोडा वाद घालावा, कारण ही गादी कुणासाठी नाही हे कळलं की कुणासाठी आहे हेही वाचकाला नीट कळतं. शिवाय चुकीचा ग्राहक आला नाही तर परत येणाऱ्या गाद्याही कमी होतात, हे विक्री विभागाला लगेच उमगतं.

ही माहिती मूळ मसुद्यात नसतेच. ती विचारून घ्यावी लागते. थरांची जाडी किती, फोमची घनता किती किलो प्रति घनमीटर, कव्हर धुता येतं का, परत करताना अट काय, कोणत्या ग्राहकांकडून गादी परत येते. उत्तरं कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांकडे क्वचितच असतात. उत्पादन पाहणाऱ्याशी किंवा ग्राहक सेवेतल्या माणसाशी पंधरा मिनिटं बोललं तर लेखाचा अर्धा भाग मिळून जातो.

आता पाठदुखीचं काय करायचं? इथे सर्वांत जास्त सावध राहावं लागतं. कंपनीने मसुद्यासोबत एक संदर्भ जोडलेला असतो आणि तो खरा असतो. २००३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. कंबरेचं जुनाट, पण विशिष्ट कारण न सापडलेलं दुखणं असलेल्या ३१३ जणांना दोन गटांत विभागून कडक किंवा मध्यम कडक गाद्या दिल्या होत्या. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास तुलनेने कमी होता.

यावरून "मध्यम कडक गादीने पाठदुखी कमी होते: संशोधन" असा मथळा करण्याचा मोह होतो. हा मथळा "पाठदुखीला करा रामराम"पेक्षा जास्त घातक आहे. रामराम म्हटल्यावर वाचकाला जाहिरातीचा सूर लगेच ओळखता येतो. "संशोधन" म्हटलं की तो सावधपणा सोडतो. चाचणीत तुलना मध्यम कडक आणि कडक गाद्यांची होती. या कंपनीची गादी तिथे नव्हती. घरातल्या जुन्या, मधोमध खोल गेलेल्या गादीशी तुलना झाली नव्हती, आणि मणका सरकलेल्या माणसाला काय होईल याचं उत्तरही त्यात नाही. या चाचणीच्या आधारे फार तर इतकंच म्हणता येईल: "कारण न सापडलेल्या जुनाट कंबरदुखीत खूप कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी बरी पडली, असं २००३ च्या एका चाचणीत दिसलं. ती चाचणी आमच्या गादीवर झालेली नाही." शेवटचं छोटं वाक्य कंपनीला रुचणार नाही. ते काढायचं असेल तर आधीचं वाक्यही काढावं. दोन्ही ठेवा किंवा दोन्ही काढा. मधला मार्ग नाही.

"तज्ज्ञांनी शिफारस केलेली" याचाही असाच निकाल लावावा. तज्ज्ञाचं नाव, त्यांचं क्षेत्र आणि कंपनीकडून त्यांना मानधन मिळतं का, हे तिन्ही सांगता येत असेल तर वाक्य ठेवावं, मानधनाच्या उल्लेखासकट. "हजारो समाधानी ग्राहक" हे वाक्य विक्रीचा आकडा आणि कालावधी मिळाला तरच उपयोगाचं; तेव्हाही "विकल्या गेल्या" म्हणावं, "समाधानी" नव्हे. किती गाद्या विकल्या ते कंपनीला माहीत असतं, पण समाधान तिने मोजलेलं नसतं.

मजकूर इथपर्यंत आला की लेबलकडे वळू. कामाचा क्रम मात्र उलटा असावा: लेबल आधी पक्कं करावं, मग मजकुराला हात लावावा. लेबल शेवटी ठेवलं तर ते उरलेल्या जागेत, उरलेल्या रंगात, उरलेल्या आकारात बसवलं जातं.

शब्द कोणता? "जाहिरात" हा सर्वांत सरळ. "विशेष उपक्रम", "सहयोग", "पार्टनर कंटेंट", "सौजन्याने" यांतून वाचकाला काहीच कळत नाही, आणि बऱ्याचदा हे शब्द निवडले जातात ते त्याचसाठी. "प्रायोजित" त्यापेक्षा बरा, पण त्यातही एक फट आहे. क्रिकेटची मालिका प्रायोजित असते म्हणून सामन्याचा निकाल प्रायोजक लिहीत नाही. तसंच वाचकाला वाटू शकतं, की खर्च कंपनीने केला पण लिहिलं पत्रकारानेच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०१५ मध्ये जाहिरातदारांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत हाच मुद्दा आहे: प्रायोजकाचं फक्त नाव सांगणाऱ्या शब्दांतून मजकूरही त्याचाच आहे हे कळेल असं नाही. म्हणून "जाहिरात" या शब्दाखाली एक पूर्ण वाक्य द्यावं: "हा मजकूर अमुक कंपनीने पैसे देऊन प्रसिद्ध केला आहे. तो कंपनीने लिहून घेतला असून त्यात संपादकीय विभागाचा सहभाग नाही." प्रकाशनाच्याच जाहिरात विभागाने तो लिहिला असेल तर तसं सांगावं. यात काही कमीपणा नाही.

जागा मथळ्याच्या लगेच वर, डावीकडे, जिथून वाचायला सुरुवात होते तिथे. उजव्या कोपऱ्यात नाही, कारण नजर तिथपर्यंत जाईलच याची खात्री नसते. लेखाच्या तळाशी तर नाहीच. तिथे पोचेपर्यंत वाचकाने मत बनवलेलं असतं. पण फक्त वर लावूनही भागत नाही. वाचकांच्या नजरेचा माग घेणारा वोजडिन्स्की आणि इव्हान्स यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अगदी वरचं लेबल कमी लोकांना दिसलं, तर मजकुराच्या मध्ये किंवा खाली असलेलं जास्त लोकांच्या लक्षात आलं. लोक पान उघडून थेट मथळ्यावर किंवा मजकुरावर उतरतात आणि वरची पट्टी ओलांडून जातात. त्यामुळे वरचं लेबल ठेवावंच, पण ते मथळ्याला चिकटून असावं, मध्ये चित्र किंवा रेघ नको. आणि लांब लेखात मधोमध एकदा पुन्हा यावं. "आमची गादी" हे शब्दही इथे लेबलचंच काम करतात. वरची पट्टी नजरेतून सुटलेल्या वाचकाला ते वाटेतच गाठतात.

आकार मजकुराच्या अक्षरापेक्षा लहान नको. रंगाचं गणित तपासता येतं: वाचनसुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ : १ असावा लागतो. लेबलसाठी आवडीने निवडला जाणारा फिकट करडा `#999999` पांढऱ्यावर जेमतेम २.८ : १ भरतो. `#767676` या निकषात बसतो, आणि तोही काठावरच. मथळा ठळक काळा आणि लेबल फिकट करडं असेल तर हिशोब उघड आहे.

पानावर सगळं नीट असूनही लेबल हरवतं ते लेख पानाबाहेर पडतो तेव्हा. मुखपृष्ठावरच्या छोट्या चौकटीत फक्त चित्र आणि मथळा येतो. कुणी दुवा पाठवला तर चॅटमध्येही चित्र आणि मथळाच दिसतो. शोधात, न्यूजलेटरमध्ये, "हेही वाचा"च्या यादीत तसंच. वाचकाने टिचकी मारण्याआधीचा क्षण हाच असतो आणि तिथेच लेबल नसतं. म्हणून "जाहिरात" हा शब्द शेअर होणाऱ्या मथळ्यातच घालावा, तोही सुरुवातीला, कारण लांब मथळा शेवटाकडून कापला जातो.

```html
<meta property="og:title" content="जाहिरात: गादी कडक घ्यावी की मऊ?">
<p class="ad-label">जाहिरात</p>
<a href="https://example.com" rel="sponsored">गादीची माहिती</a>
```

दुसऱ्या ओळीत लेबल खरा मजकूर म्हणून लिहिलं आहे, हे मुद्दाम. काही ठिकाणी ते चित्र म्हणून किंवा `::before` वापरून फक्त सजावटीतून दाखवलं जातं. पानावर दोन्ही सारखंच दिसतं. पण ब्राउझरच्या वाचन-मोडमध्ये, फीडमध्ये किंवा मजकूर कॉपी केल्यावर सजावट गळून पडते आणि लेबलही सोबत जातं. पर्यायी मजकूर न दिलेलं चित्र तर स्क्रीन रीडरला वाचताच येत नाही. तिसऱ्या ओळीतला `rel="sponsored"` वाचकासाठी नसून शोधयंत्रासाठी आहे. गूगलने तो २०१९ मध्ये आणला, पैसे घेऊन दिलेला दुवा ओळखता यावा म्हणून. ही खूण घातली म्हणजे वाचकाला सांगून झालं, असा गैरसमज होतो. वाचकाला ती दिसतच नाही.

मथळ्याचंही बघू. वरच्या कोडात "गादी कडक घ्यावी की मऊ?" आहे आणि पुढे "जाहिरात" आहे. तो शब्द काढला तर हा मथळा एखाद्या सल्ल्याच्या सदराचा वाटेल. म्हणून मी मथळ्यातही कंपनीला आणायच्या बाजूचा आहे: "गादी कडक घ्यावी की मऊ? आम्ही मधली का बनवतो". कुठेतरी लेबल गळलंच तरी "आम्ही" उरतो. बायलाइनच्या जागी बातमीदाराचं नाव किंवा "प्रतिनिधी" असं कधीच नको. कंपनीचं नाव असावं.

लेबल असूनही फसलेलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. जानेवारी २०१३ मध्ये 'द अटलांटिक' या अमेरिकी नियतकालिकाच्या संकेतस्थळावर चर्च ऑफ सायंटॉलॉजी या धार्मिक संघटनेचा पैसे देऊन दिलेला लेख आला. वर प्रायोजित असल्याचा उल्लेख होता. पण मांडणी नेहमीच्या लेखासारखी होती, आणि खालच्या वाचकांच्या प्रतिक्रिया जाहिरात-विपणनाची मंडळी हाताळत होती. टीका इतकी झाली की लेख त्याच दिवशी उतरवावा लागला आणि नियतकालिकाने चूक मान्य केली. यातली प्रतिक्रियांची बाजू संपादनाच्या यादीत सहसा नसतेच. जाहिरातीखाली प्रतिक्रिया ठेवायच्या तर त्या कोण गाळणार हे आधी ठरवून लिहावं; ते जमणार नसेल तर प्रतिक्रिया बंद ठेवाव्यात.

लेबलच नसल्याचं उदाहरण २०१५ चं आहे. लॉर्ड अँड टेलर या अमेरिकी दुकानसाखळीने 'नायलॉन' या फॅशन प्रकाशनात पैसे देऊन लेख छापवला, तो आधी स्वतः मंजूर केला, आणि त्यावर जाहिरात असल्याचा उल्लेख नव्हता. सोबत ५० इन्फ्लुएन्सरना एकच ड्रेस आणि १,००० ते ४,००० डॉलर देऊन फोटो टाकायला लावले होते. फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०१६ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की कारवाई जाहिरातदारावर झाली. कंपनीने लेबल लहान करायला सांगितलं तर हे उदाहरण तिच्यासमोर ठेवता येतं. लेबल फक्त प्रकाशनाची सोय नाही, ते तिचंही संरक्षण आहे.

आणि कंपनी तसं सांगतेच. मंजुरीसाठी गेलेला मजकूर परत येतो तेव्हा "आमची गादी"चं "ही गादी" झालेलं असतं, "मऊ वाटू शकते" गायब असतं, आणि चाचणीच्या वाक्यातलं दुसरं वाक्य उडालेलं असतं. म्हणून मंजुरीला पाठवण्याआधीच लेखी ठरवावं: लेबलचे शब्द, जागा, आकार आणि मथळ्यातला "जाहिरात" हा शब्द बदलता येणार नाही, आरोग्याच्या दाव्यातलं एकही वाक्य पुरावा न पाहता वाढवता येणार नाही, उत्पादनाची माहिती मात्र कंपनीने हवी तशी दुरुस्त करावी. परत आलेली प्रत मूळ प्रतीशी ओळीओळीने जुळवावी. नुसती वाचू नये, कारण गेलेलं वाक्य वाचताना दिसत नाही.

प्रसिद्ध करण्याआधीची तपासणी सोपी आहे. लेखाशी संबंध नसलेल्या दोन-तीन जणांना दुवा चॅटवर पाठवावा, पान उघडण्याआधी विचारावं, "हे कुणी लिहिलंय असं वाटतं?" मग फोनवर पाच सेकंद पान दाखवून बंद करावं आणि विचारावं, "यासाठी पैसे कुणी दिले?" दुसऱ्या प्रश्नाला कुणी अडखळला तर लेबल मोठं करावं. पहिल्याच प्रश्नाला "तुमच्या बातमीदाराने" असं उत्तर आलं तर लेबलला हात लावण्याआधी मथळा आणि पहिला परिच्छेद बदलावा. आणि संकेतस्थळाची मांडणी किंवा प्रणाली बदलली की जुन्या जाहिरात-लेखांची यादी काढून हीच तपासणी पुन्हा करावी. नव्या टेम्पलेटमध्ये लेबलची जागाच ठेवलेली नसते आणि तीन वर्षांपूर्वीची जाहिरात एका रात्रीत जुनी बातमी होऊन बसते.